देवघराच्या व्हिडिओत दिव्याचा पांढरा गोळा येतो, फ्रेम हलते? फोनला दोष द्यायच्या आधी हे बघा

नात्यातल्या, ओळखीतल्या इतक्या जणांकडे मी हेच काम केलंय की आता दारातून आत शिरतानाच अर्धं लक्षात येतं. पूजा परगावच्या मुलांना लाइव्ह दाखवायची असते नाहीतर रेकॉर्ड करायची असते, देवघर जेमतेम दोन फुटांचं, समोर बसायला जागा तेवढीच, त्यात ट्रायपॉड कोंबलेला. आणि तक्रार एकच, "फोन चांगला आहे रे पण व्हिडिओ असा का येतो?"

आधी तुमच्याकडे नक्की काय होतंय ते ओळखा, कारण "चमक येते" आणि "हलतंय" या दोन शब्दांत दहा वेगळे प्रकार लपलेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

चमकेचे प्रकार:
- ज्योतीचा पांढरा गोळा, भोवती धुकं, आणि काळा रंग काळा न दिसता राखाडी दिसतो
- ज्योतीतून आरपार जाणारी तिरकी रेघ, नेहमी एकाच दिशेची
- हिरवट नाहीतर निळसर ठिपका, फोन थोडा हलवला की तो ज्योतीच्या उलट बाजूला पळतो
- तसबिरीच्या काचेत खिडकी, बल्ब किंवा खुद्द तुम्ही
- चित्रावरून आडवे काळपट पट्टे सरकत राहतात
- आरतीचं तबक फिरलं की सगळं चित्र काळं-पांढरं होत राहतं

हलण्याचे प्रकार:
- घंटा वाजली, कोणी उठलं-बसलं की थरथर
- सुरुवातीला मूर्ती मधोमध, दहा मिनिटांनी बघावं तर वर सरकलेली, डोकं कापलेलं
- मध्येच एकदम उडी, जणू कोणी कॅमेरा बदलला
- फ्रेम जागेवर आहे पण मूर्ती पाण्याखाली असल्यासारखी लहरते

हा शेवटचा प्रकार लोकांना खरा वाटत नाही, त्यावर खाली सांगतो.

पहिलं, लेन्स पुसा. हो, खरंच.

मला माहितीये हे वाचून तुम्ही पुढे जाणार, पण देवघराचं वेगळं असतं, वात तेलात भिजवलेल्या हाताने, तूप लागलेल्या बोटाने आपण तोच फोन उचलतो आणि मागच्या बाजूला बोट नेमकं लेन्सवरच पडतं. दिवसा खिडकीतल्या उजेडात हा थर दिसतच नाही. पण अंधारात एक छोटीशी तेजस्वी ज्योत समोर आली की तेलकट थर तिचा उजेड चित्रभर पसरवतो, धुकं म्हणतात ते हेच. आणि ती तिरकी रेघ असते ना, ती तुम्ही लेन्स शर्टाने एका दिशेत ओढून पुसल्याची खूण, पुसण्याच्या रेषा ज्या दिशेला असतील त्याच्या काटकोनात ज्योतीतून रेघ निघते. म्हणजे रेघ दिसली तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. चष्म्याचं कापड घ्या, लेन्सवर हलकी वाफ सोडा, गोल गोल पुसा, आणि हे वाती लावायच्या आधी, हात कोरडे असताना करा.

याच वेळी अजून एक गोष्ट, लेन्सवर वेगळी चिकटवलेली संरक्षक काच आहे का बघा. असली तर चाचणीपुरती काढा. ज्योतीचा उजेड त्या काचेत आणि खऱ्या लेन्समध्ये मागे-पुढे आपटतो आणि जास्तीचे ठिपके तयार होतात. मी पाहिलेल्या ठिपक्यांच्या तक्रारींत बऱ्याच वेळा दोष या काचेचाच निघालाय.

दुसरं, हाताची सावली

फोन ट्रायपॉडवर, दिवे लावलेले, स्क्रीनवर धुकं दिसतंय. आता तळहात लेन्सच्या बाजूला असा धरा की हात चित्रात येणार नाही पण लेन्सवर त्याची सावली पडेल, टोपीच्या झापेसारखा. डावीकडे, उजवीकडे, वर, असं एकेका बाजूला. एका बाजूला हात नेल्यावर चित्र एकदम स्वच्छ झालं, काळा रंग काळा झाला, की समजा त्या बाजूला फ्रेमच्या बाहेर असलेला दिवा, ट्यूब किंवा खिडकी थेट लेन्सवर मारा करतेय. उजेडाचं उगमस्थान चित्रात दिसत नाही म्हणून लोकांच्या डोक्यातच येत नाही.

उपाय त्या बाजूचा दिवा मागे घेणे. साधा हिशोब ठेवा, समई मूर्तीपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ असेल तर त्रास देणार, मूर्तीच्या रेषेत किंवा जरा मागे असेल तर नाही. पण मागे सरकवताना ज्योतीच्या वर लाकडी फळी, मागे पडदा, बाजूला हार लोंबतोय का ते बघूनच. जागा नसेल तर दिवा आहे तिथेच राहू द्या आणि फोनलाच आडोसा करा, वहीचं काळं पुठ्ठ्याचं पान फोनच्या कडेला टेपने, चित्रात येणार नाही एवढंच पुढे. पुठ्ठा फोनला लावायचा, दिव्याला नाही.

हिरवा ठिपका

लेन्स पुसली, काच काढली, तरी ठिपका राहिला तर तो लेन्सच्या आतल्या भिंगांमधला आहे. पुसून जाणार नाही, फोन बदलून पण बहुतेक नाही. फक्त त्याची चाल समजून घ्या. चित्राचा मध्य धरा, ज्योत मध्याच्या डावीकडे वर असेल तर ठिपका उजवीकडे खाली, तेवढ्याच अंतरावर. म्हणजे ठिपका कुठे पडेल ते तुम्ही ठरवू शकता! तो मूर्तीच्या चेहऱ्यावर येत असेल तर फोन दोन बोटं वर-खाली करा, ठिपका फुलांवर किंवा उजळ कापडावर न्या, तिथे कोणाला दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर मात्र उठून दिसतो. मी तर सरळ ज्योत फ्रेमच्या खालच्या भागात मध्यरेषेवर ठेवतो, म्हणजे ठिपका वर मखराच्या नक्षीत जातो आणि हरवतो.

तसबिरीची काच आणि पितळ, इथे थोडा वेळ द्या

मावशीकडचा किस्सा सांगतो कारण त्यात हे सगळं एकत्र होतं. लाकडी देवघर, मागे काचेची मोठी तसबीर, पुढे पितळेची मूर्ती, दोन्ही बाजूंना समया, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून तिने गोल रिंग लाइट आणलेला. व्हिडिओत काचेत एक पांढरं कडं, मूर्तीच्या पोटावर तसंच छोटं कडं, शिवाय काचेत ट्रायपॉडचे पाय. ती म्हणाली, "अरे अजून एक लाइट आणू का?" मी म्हटलं, "आणू नकोस, आहे तोच आधी बंद कर."

मग आरशाची चाचणी केली. पावडरच्या डबीतला छोटा आरसा घ्या, तसबिरीच्या काचेवर सपाट टेकवा, आणि फोनच्या स्क्रीनमध्ये बघा आरशात काय दिसतंय. जे दिसतंय तेच काचेत चमकतंय. आरसा वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवा, दोन मिनिटांत सगळे गुन्हेगार सापडतात. मावशीकडे वरच्या भागात ट्यूब दिसली, मधे रिंग लाइट, खाली समोरच्या भिंतीवरची खिडकी. नुसत्या डोळ्याने ही खिडकी मला दिसली नव्हती, कारण माझा डोळा लेन्सच्या जागी नव्हता.

काच ज्या कोनातून उजेड घेते त्याच कोनात परत टाकते, त्यामुळे दिवा फोनच्या जवळ असला की प्रतिबिंब सरळ फोनमध्येच येणार, रिंग लाइट तर फोनच्या भोवतीच असतो, मग दुसरं काय होणार. दोन गोष्टी केल्या. तसबिरीच्या वरच्या कडेमागे पुठ्ठ्याची घडी सारली, वरची बाजू जराशी पुढे झुकली. पाच अंश झुकवलं तर प्रतिबिंब दहा अंशांनी वळतं, दुप्पट, म्हणून थोडंसंच पुरतं. आता काचेत खिडकी-ट्यूबच्या ऐवजी समोरची जमीन यायला लागली, तिथे काळसर चादर पसरली, काच स्वच्छ. मग तसबीर पुढे पडणार नाही ना हे हाताने हलवून बघितलं, खाली पेटता दिवा असतो हे विसरू नका.

पितळेचं वेगळं आहे. मूर्ती म्हणजे सगळीकडून वाकलेला आरसा, एक बाजू वळवली तर दुसऱ्या गोलाईवर चमक येणारच. चमक घालवायची नाही, मऊ आणि मोठी करायची. उघडा बल्ब पितळेत टोचल्यासारखा ठिपका देतो, तोच बल्ब पांढऱ्या भिंतीवर किंवा छताकडे वळवला की भिंतच मोठा दिवा होते आणि पितळेवर पसरट सोनेरी छटा येते. मावशीचा रिंग लाइट आम्ही तिच्या मागे उजवीकडे नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवला, कडं गायब.

पोलरायझर फिल्टर घ्यावा का असं बरेच जण विचारतात. काचेवरचं प्रतिबिंब तो कमी करतो, पण तिरक्या कोनातूनच, काचेला साधारण ५६ अंशांच्या आसपास सगळ्यात चांगला. देवघरासमोर आपण बसतो सरळ समोर, तिथे तो जवळपास निकामी. आणि धातूवरच्या चमकेवर तर त्याचा उपयोग होतच नाही. पुठ्ठ्याची घडी फुकट आहे.

उजेड कमी-जास्त होणं आणि पट्टे

फोन प्रत्येक क्षणी सरासरी उजेड मोजतो, तबक जवळ आलं की म्हणतो फार उजेड झाला आणि मूर्ती काळी करतो. त्याला हा निर्णय घेऊच द्यायचा नाही. दिवे लावून झाले, तबक बाजूला आहे, अशा वेळी स्क्रीनवर मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा. आयफोनवर AE/AF LOCK असं दिसतं, अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनवर कुलपाचं चिन्ह येतं. मग सूर्याच्या चिन्हाची पट्टी खाली ओढा, ज्योतीच्या कडेला पिवळा-केशरी रंग दिसायला लागेपर्यंत. मधला भाग पांढराच राहील, राहू दे. यानंतर स्क्रीनला हात लावायचा नाही, लावलात तर कुलूप निघू शकतं.

एवढं खाली ओढल्यावर मूर्तीच काळी पडली तर याचा अर्थ खोलीत उजेड कमी आहे, दिवा जास्त आहे असा नाही. ज्योत आणि मूर्ती यांच्यातली दरी भरायची तर भिंतीवरून परतणारा उजेड वाढवा. मात्र पिवळसर बल्ब घ्या, खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेला. ज्योतीचा उजेड १९०० केल्विनच्या आसपास असतो आणि पांढरी ट्यूब ६५०० ची, दोन्ही एकत्र आले की फोन गोंधळतो, मूर्ती निळसर आणि ज्योत भडक केशरी होते. ट्यूब बंद करा.

पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो, डोळ्याला कळत नाही पण फोनला कळतं. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आयफोनवर Settings मध्ये Camera, मग Record Video, तिथे Show PAL Formats चालू केलं की २५ फ्रेमचा पर्याय मिळतो, तो घ्या. तरी पट्टे राहिले तर देवघरातली ती रंगीत एलईडी माळ किंवा पट्टी बंद करून बघा, मंद केलेल्या पट्ट्या वेगळ्याच गतीने लुकलुकतात आणि त्यांना हे शटर लागू पडत नाही. कुठला दिवा ते कळत नसेल तर एकेका दिव्याचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या, लुकलुकणारा लगेच दिसतो.

आता हलणं

आधी एक फुकटची चाचणी. सगळं मांडा, रेकॉर्डिंग चालू करा, आणि खोलीतून पाच मिनिटं बाहेर जा. मग पहिलं आणि शेवटचं दृश्य ताडून बघा. मूर्ती सरकली असेल तर ट्रायपॉड किंवा पकड सैल आहे. सरकली नाही पण पूजेत हलते, तर हलवणारे तुम्हीच आहात.

फोन हळूहळू वाकतो कारण तो खाली झुकवलेला असतो आणि छोट्या ट्रायपॉडच्या डोक्याला ते वजन पेलवत नाही. ट्रायपॉड उंच करून फोन खाली बघत ठेवण्यापेक्षा ट्रायपॉडच बुटका करा, लेन्स मूर्तीच्या छातीच्या उंचीला आणा, मग झुकवायलाच लागत नाही. मधली दांडी वर काढू नका, पाय लांबवा, आणि जाड पायाचा भाग आधी उघडा. एक पाय देवघराच्या दिशेला, म्हणजे फोनचं वजन पायाच्या वर येतं. चार्जरची वायर लोंबत असेल तर ती पण ओढते, एक वेटोळं घेऊन पायाला टेपने चिकटवा.

थरथरीचं कारण बहुतेक वेळा सतरंजी. ट्रायपॉड आणि पूजा करणारा एकाच सतरंजीवर असतात, तुम्ही मांडी बदलली की सतरंजी ओढली जाते आणि फ्रेम डुलते. सतरंजी दुमडा, पाय थेट फरशीवर. ट्रायपॉड देवघराच्या फळीवर तर अजिबात नको, घंटा तिथेच परत ठेवता ना तुम्ही. रेकॉर्डिंग बोटाने सुरू न करता टायमर किंवा रिमोटने करा, किंवा सरळ सुरुवातीचे पाच सेकंद कापून टाका, मी तेच करतो.

एकदम उडी मारते ती फ्रेम हलल्यामुळे नाही, फोन स्वतः एका लेन्सवरून दुसऱ्यावर गेला म्हणून. फूल वाहताना हात लेन्सच्या जवळ येतो आणि फोनला वाटतं आता जवळचं दाखवायचंय. नव्या आयफोनवर त्याच Record Video मध्ये Lock Camera आहे, ते चालू करा. इतरांनी फोन दोन-तीन फूट मागे घेऊन २ पट झूम करावं, हात लेन्सजवळ येतच नाही आणि देवघराच्या कडा पण वाकड्या दिसत नाहीत.

आणि ती लहरणारी मूर्ती. मावशीने यासाठी नवा ट्रायपॉड आणला होता बिचारीने. कारण होतं मूर्तीच्या समोर ठेवलेलं निरांजन, लेन्स बरोबर त्याच्या ज्योतीच्या वरून मूर्तीकडे बघत होती. ज्योतीवरची तापलेली हवा उजेड वाकवते, उन्हाळ्यात डांबरी रस्ता लहरतो तसंच. ओळखायची खूण अशी की फक्त मूर्ती लहरते, देवघराची चौकट स्थिर असते. निरांजन वीतभर बाजूला सरकवलं, संपलं. उदबत्तीचं पण तसंच, धूर लेन्स आणि मूर्तीच्या मधून जात असेल तर धुक्याची तक्रार परत येणार.

इथे थांबा

बल्ब डोळ्यालाच लुकलुकताना दिसतोय, होल्डर चटका बसेल इतका तापतोय, प्लगमधून चरचर किंवा जळका वास येतोय, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगशी खेळत बसू नका, मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. देवघरात लाकूड, तेल, कापड सगळं एकत्र असतं. एकाच प्लगला तीन दिवे आणि चार्जर लावणं पण त्यातच आलं.

फोनचं म्हणाल तर, ट्रायपॉडवर, दिवसा खिडकीजवळ, दिव्याशिवाय घेतलेला व्हिडिओ पण थरथरत असेल, किंवा कॅमेरा उघडल्यावर लेन्समधून घरघर ऐकू येत असेल, तर आतला स्थिरता राखणारा भाग गेलाय. बंद फोन हलवल्यावर हलकं खुळखुळणं बऱ्याच फोनमध्ये असतंच, त्याला घाबरू नका. फोन मोटारसायकलच्या हँडलला लावून फिरायची सवय असेल तर ते सर्व्हिस सेंटरमध्ये नक्की सांगा, इंजिनच्या कंपनांनी हा भाग बिघडू शकतो असं अ‍ॅपलनेच २०२१ मध्ये सांगितलंय. लेन्सच्या आतल्या बाजूला बाष्प किंवा धूळ दिसली तरी तिथेच, घरी उघडू नका. आणि फोनची मागची बाजू फुगलेली वाटली तर बॅटरी आहे ती, चार्जिंगवरून काढा, त्या दिवशी दुसऱ्या कोणाचा तरी फोन वापरा.